लॅपटॉप घेताना ग्राहक कुठे कुठे थांबतो?

लॅपटॉप जुना झाला की गरज निर्माण झाली, एवढंच ना? पुस्तकात खरेदीच्या निर्णयातला 'गरजेची जाणीव' हा पहिला टप्पा एका ओळीत संपतो.
— बी.कॉम. तृतीय वर्ष, सातारा

नाही, जुनं होणं पुरेसं नसतं. आहे ती स्थिती आणि हवी ती स्थिती यांतलं अंतर माणसाला सोसवेनासं झालं, की गरज जाणवते. तोवर माणूस जुळवून घेत राहतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कोल्हापुरात कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. तिचा लॅपटॉप 2016 चा. सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागायची, तेवढ्यात ती चहा घेऊन यायची. दोन वर्षं हे असंच चाललं आणि नवा घ्यावा असं तिला वाटलं नाही. मग 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नियमित आधार संपला. तिच्या यंत्रावर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नव्हतं. 'सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर अशिलांची विवरणपत्रं भरू नकोस,' असं साहेबांनी सांगितलं आणि त्या दिवशी गरज उभी राहिली. यंत्र कालच्याइतकंच संथ होतं. वाढली होती ती हव्या त्या स्थितीची अपेक्षा, आणि तीही बाहेरून.

आणखी एक. तिची गरज 'सुरक्षित यंत्र' ही होती, 'नवा लॅपटॉप' हे त्यावरचं एक उत्तर. सुरक्षा अपडेटची मुदत वर्षभर वाढवून घेणं हेही उत्तर होतं. परीक्षेत उदाहरण लिहिताना गरज आणि वस्तू वेगळ्या मांडा, बहुतेक जण तिथेच घसरतात.

गिऱ्हाईक दुकानात येतं तेव्हा मोबाइलवर बघून मॉडेल ठरवूनच येतं. मग माहितीचा टप्पा आमच्या हातात राहिला कुठे?
— लॅपटॉप विक्रेता, लातूर

थोडा राहिला आहे, पण मोक्याचा आहे. बाजारात शेकडो मॉडेल असतात, त्यांतली काही ग्राहकाला ठाऊक असतात, त्यांतल्या मोजक्यांचा तो विचार करतो आणि शेवटी दोन-तीनच उरतात. चाळणी अशी लागत जाते. तुलना होते ती या उरलेल्यांचीच. बाकीची वाईट ठरून हरलेली नसतात, ती तुलनेपर्यंत पोचतच नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीने संकेतस्थळावर पहिली चाळणी लावली ती किमतीची: 50 हजारांच्या आत. 51 हजारांचं एक चांगलं यंत्र तिला दिसलंच नाही. दुसरी चाळणी कार्यालयातल्या सहकाऱ्याच्या शब्दाची. जाहिरातींतून माहिती भरपूर मिळते, पण शिक्कामोर्तब होतं ते ओळखीच्या माणसाच्या अनुभवाने. तुमचं आजचं समाधानी गिऱ्हाईक हे उद्याच्या गिऱ्हाइकाचा माहितीचा स्रोत असतं. शिवाय कीबोर्डचा स्पर्श, पडद्याचा उजेड, हातातलं वजन ही माहिती मोबाइलवर मिळत नाही. यंत्रं काचेमागे ठेवली असतील तर बाहेर काढा.

निकषांना भार द्यायचा, गुण मांडायचे, बेरीज जास्त तो लॅपटॉप ग्राहक घेतो, असं आम्हाला शिकवलं. प्रत्यक्षात कोणी असं करतं का?
— एम.बी.ए. विद्यार्थी, नाशिक

काही जण करतात. पण बेरीज हा मूल्यमापनाचा एक नियम झाला. नियम बदलला की त्याच गुणांवरून निवड बदलते.

कोल्हापूरच्या त्या विद्यार्थिनीकडे शेवटी दोन यंत्रं उरली. भार असे: कीबोर्ड 40, वेग 30, वजन 20, सर्व्हिस सेंटरची सोय 10. दहापैकी गुण याच क्रमाने, पहिल्या यंत्राला 8, 6, 4, 9 आणि दुसऱ्याला 5, 9, 9, 5. भाराने गुणून बेरीज केली तर पहिल्याला हजारपैकी 670 आणि दुसऱ्याला 700. दुसरं जिंकलं. इथे कीबोर्डची उणीव वेगाने आणि हलकेपणाने भरून काढली.

आता नियम बदलू. 'कुठल्याही निकषात पाचाच्या खाली गुण नकोत' असं म्हटलं तर वजनात 4 गुण असलेलं पहिलं यंत्र बाद होतं. पण 'सगळ्यांत महत्त्वाच्या निकषात जे पुढे तेच घ्यायचं' असं म्हटलं तर कीबोर्डमुळे पहिलंच जिंकतं. तिने तेच निवडलं. दिवसभर आकडे भरणाऱ्या माणसाला वेगळा अंकपट्टा हवाच असतो, त्याची भरपाई हलक्या वजनाने होत नाही.

म्हणून ग्राहकाला नुसतं 'काय महत्त्वाचं?' विचारून भागत नाही. 'कशाची उणीव दुसऱ्या कशाने भरून निघणार नाही?' हे विचारलं पाहिजे. माझ्या मते या टप्प्यावर याहून उपयोगी प्रश्न नाही.

मुलीसाठी मॉडेल घरी बसून पक्कं केलं, दुकानात गेलो आणि वेगळंच घेऊन आलो. असं का होतं?
— पालक, ठाणे

ठरवणं आणि घेणं यांच्यामध्ये दोन गोष्टी आडव्या येतात: इतरांचं मत आणि अनपेक्षित परिस्थिती. सोबत आलेल्या मेहुण्यांनी नाक मुरडलं, किंवा हवं ते मॉडेल शिल्लक नव्हतं, की मन हलतं. मोठ्या रकमेची जोखीम जितकी जाणवते तितकं ते लवकर हलतं.

कोल्हापूरच्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही हेच होणार होतं. दुकानदार म्हणाला, 'तेच मॉडेल आहे, आजच घेऊन जा.' मालिकेचं नाव तेच होतं, पण शेवटची अक्षरं वेगळी होती. रॅम 16 ऐवजी 8 जीबी, तीही मदरबोर्डवरच बसवलेली, म्हणजे नंतर वाढवता न येणारी. तिने पूर्ण मॉडेल क्रमांक कागदावर लिहून नेला होता म्हणून फरक लक्षात आला, आणि ती चार दिवस थांबली. तुमच्या खोक्यावरचा पूर्ण क्रमांक घरी ठरवलेल्याशी आज ताडून पाहा.

लॅपटॉप घेऊन आठवडा झाला, तरी रोज त्याची किंमत आणि दुसऱ्या मॉडेलचे रिव्ह्यू बघते. बॅटरीही जाहिरातीइतकी चालत नाही. पैसे देऊन झाले, मग हे कशासाठी?
— नोकरदार वाचक, पुणे

खरेदीचा पाचवा टप्पा, म्हणजे घेतल्यानंतरचा, चालू आहे म्हणून. सोडून दिलेल्या यंत्राचे चांगले गुण आता आठवतात आणि घेतलेल्याचे दोष डोळ्यांत भरतात. लिऑन फेस्टिंगर यांनी 1957 मध्ये मांडलेल्या बोधात्मक विसंगतीच्या सिद्धांताने हीच अस्वस्थता समजावता येते. ती कमी करण्यासाठी माणूस आपल्या निवडीला दुजोरा देणारं वाचत राहतो. पर्याय जितके तुल्यबळ, तितकी ती जास्त.

बॅटरीची गोष्ट निराळी आहे. समाधान ठरतं ते अपेक्षा आणि अनुभव यांच्यातल्या फरकावर. जाहिरातीने 12 तास सांगितले आणि 7 मिळाले तर तुम्ही नाराज. 6 सांगून 7 मिळाले असते तर तुम्हीच चार जणांना यंत्र सुचवलं असतं.

मात्र ही नुसती अपेक्षेची बाब आहे की खरा दोष, हे तपासता येतं. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
powercfg /batteryreport
```

तयार झालेल्या अहवालात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे आकडे पाहा. नव्या यंत्रात ते जवळपास सारखे असायला हवेत. दुसरा आकडा बराच कमी असेल तर परतीची मुदत संपण्याआधी बिल घेऊन विक्रेत्याकडे जा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.