पुरवठादाराकडे सवलत आणि उधारीची मुदत मागताना

प्रश्न: आमच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून आता जास्त माल घ्यायचा आहे. भाव कमी करून हवा आणि पैसे द्यायला मुदतही वाढवून हवी. संबंध चांगले आहेत, ते बिघडू न देता हे कसे मागावे?

उत्तर: माल बांधण्याचे पुठ्ठ्याचे खोके मी अनेक वर्षे एकाच उत्पादकाकडून घेतो. त्यांच्याकडे मी हीच मागणी एकदा चुकीच्या पद्धतीने आणि नंतर बऱ्या पद्धतीने केली आहे, म्हणून त्याच अनुभवावरून सांगतो.

पहिल्या वेळी मी 8 टक्के सवलत आणि 15 ऐवजी 45 दिवसांची मुदत, असे दोन्ही एकदम मागितले. मुदत म्हणजे जणू फुकटची गोष्ट, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात पुरवठादार वर्षाला 12 टक्के व्याजाने खेळते भांडवल उचलत असेल, तर वाढीव 30 दिवसांचा भार बिलाच्या सुमारे 1 टक्का होतो. म्हणजे त्याच्या लेखी माझी मागणी 9 टक्क्यांची होती आणि त्याच्या हातात एकूण 12 टक्के सुटत असतील, तर उरले काय? जुना ग्राहक म्हणून ते नाही म्हणाले नाहीत. मात्र तीन महिन्यांनी आमच्या गोदामातील थप्पीतले खालचे खोके दबू लागले, तेव्हा मी जुना आणि नवा खोका वजन करून पाहिला. जुना 410 ग्रॅम भरला आणि नवा 370. कागद हलका झाला होता. हे त्यांनी मला सांगायला हवे होते, हे खरे. पण न परवडणारा भाव गळी उतरवला की तो कुठून तरी वसूल होतो, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या वेळी मी मागणी मांडण्यापूर्वी त्यांना विचारले की, आमच्या ऑर्डरमध्ये तुमचा खर्च नेमका कुठे होतो. उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा वेगळे होते. आम्ही दरमहा 1,000 खोके मागवत होतो, त्यामुळे दर महिन्याला छपाईचे ठसे चढवणे, यंत्र जुळवणे आणि सुरुवातीचे काही पुठ्ठे वाया जाणे हे सगळे नव्याने होत असे. मग आम्ही असे ठरवले की तीन महिन्यांची 3,000 खोक्यांची ऑर्डर एकदम नोंदवायची, त्यांनी ती एकाच वेळी तयार करायची आणि दरमहा 1,000 प्रमाणे पाठवायची. तीनऐवजी एकदाच जुळणी होऊ लागल्यामुळे 5 टक्के सवलत त्यांना सहज देता आली. मुदत मात्र 45 नव्हे, तर प्रत्येक खेप निघाल्यापासून 30 दिवस ठरली, कारण तयार माल साठवण्याचा भार आता त्यांच्याकडे गेला होता. त्या बदल्यात, न उचललेला माल चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत आम्ही घेऊच, असे मी लिहून दिले आणि खोक्याचे किमान वजनही त्याच कागदावर नोंदवून घेतले.

माझ्या मते आपण आधी हे ठरवावे की भाव आणि मुदत यांपैकी आपल्याला अधिक गरज कशाची आहे. विक्रीचे पैसे उशिरा येत असतील, तर मुदतीवर भर द्यावा आणि सवलत थोडकी मागावी. हाताशी रोकड असेल, तर उलट लवकर पैसे देण्याची तयारी दाखवून भाव उतरवून घेणे बहुधा जास्त फायद्याचे ठरते. खरेदी किती वाढेल याची खात्री नसल्यास मोठ्या आकड्याचे वचन मुळीच देऊ नये. त्याऐवजी वर्षभरात ठरलेला आकडा ओलांडल्यास वर्षअखेरीस 2 टक्क्यांची क्रेडिट नोट मिळावी, असे सुचवावे. त्यात पुरवठादाराला आधीच धोका पत्करावा लागत नाही आणि आपले शब्दही खाली पडत नाहीत.

बोलणे शक्यतो समोरासमोर किंवा फोनवर करावे आणि ठरलेले त्याच दिवशी लिहून पाठवावे. मी साधारण असे म्हणालो होतो: “पुढच्या तीन महिन्यांची ऑर्डर एकदम देण्याचा विचार आहे. त्यामुळे तुमचा जो खर्च वाचेल, त्यातला काही भाग आम्हाला भावात मिळावा, अशी अपेक्षा आहे. किती जमेल ते हिशेब करून सांगा, घाई नाही.” दुसऱ्याकडून स्वस्त भाव आल्याची थाप मात्र मारू नये, कारण या धंद्यात कागदाचा भाव सगळ्यांनाच ठाऊक असतो आणि पुरवठादाराने “मग तिथूनच घ्या” असे म्हटले, तर पुढे बोलायला जागा राहत नाही.

नवी मुदत मिळाल्यावर पहिली दोन-तीन बिले ठरलेल्या तारखेच्या एक-दोन दिवस आधीच चुकती करावीत. एखाद्या महिन्यात उशीर होणारच असेल, तर त्यांचा फोन येण्याची वाट न पाहता आपणच आधी कळवावे आणि पैसे कोणत्या तारखेला मिळतील तेही सांगावे.