पुढच्या आठवड्यात स्लॅब आहे, इंटरनेटचे पाइप कुठून कुठे टाकायचे?

प्रश्न: पाथर्डी फाट्याजवळ आमच्या दुमजली बंगल्याचं काम चालू आहे. तळमजल्यावरचा स्लॅब पुढच्या आठवड्यात भरणार आहेत. इंटरनेटसाठी पाइप कुठून टाकावेत, पॉइंट किती काढावेत आणि राउटर कुठे ठेवावा?

उत्तर:

आधी राउटरच्या कपाटाची जागा ठरवा, तीही आज-उद्याच. ती ठरली की सगळे पाइप तिथून निघतात. वायर पुढे कधीही ओढता येते, पण स्लॅबमधला पाइप एकदाच टाकता येतो.

मखमलाबाद रोडवर आमचं घर बांधताना मी हे उलटं केलं. वायरमन म्हणाला, "राउटर हॉलमध्ये टीव्हीजवळच ठेवतात", आणि मी मान डोलावली. वरच्या बेडरूमसाठी एकच पाइप टाकला होता. त्याचं तोंड नीट बंद नव्हतं, त्यामुळे स्लॅब भरताना आत सिमेंटचं पाणी गेलं आणि पाइप कायमचा बुजला. शेवटी नव्या रंगकामावरून प्लास्टिकची पट्टी मारून वायर वर न्यावी लागली. तीन वर्षांपूर्वी बहिणीचं घर इंदिरानगरला झालं, तेव्हा प्लॅन हातात घेऊन मी स्वतः साइटवर उभा राहिलो. तुमच्यासारखंच दुमजली घर आहे, म्हणून तिथलंच सांगतो.

कपाट आम्ही तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या पॅसेजच्या आतल्या भिंतीवर घेतलं. इन्व्हर्टर शेजारीच आहे, त्यामुळे लाईट गेली तरी नेट चालू राहतं. बाथरूमची भिंत टाळली, कारण आतून पाण्याच्या लाइनी जातात. पश्चिमेची बाहेरची भिंतही टाळली. एप्रिल-मेमध्ये नाशिकचं ऊन तिला संध्याकाळपर्यंत तापवतं आणि बंद कपाटातला नेटवर्क स्विच, म्हणजे राउटरचं नेट सगळ्या पॉइंटच्या वायरींना वाटणारा डबा, आधीच गरम असतो. कपाट दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच आहे, खालचा भाग छातीच्या उंचीवर आहे. प्लायचं आहे आणि खाली-वर हवेसाठी फटी ठेवल्या आहेत. सहा इंची भिंतीत कोनाडा काढायच्या भानगडीत पडू नका. तेवढ्या खोलीत वायरी वळायला जागा उरत नाही, म्हणून कपाट भिंतीबाहेरच राहू द्या. आत इन्व्हर्टरच्या लाइनवर चार सॉकेट द्या. तीन तर पहिल्याच दिवशी भरतात: फायबरचा डबा, राउटर आणि स्विच.

आता वाय-फाय. कपाटातल्या राउटरचं वाय-फाय सगळ्या घराला पुरेल अशी अपेक्षा ठेवू नका. आरसीसी स्लॅबमधून वेगवान ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फारच कमी वर जातो. म्हणून प्रत्येक मजल्याच्या पॅसेजमध्ये छताला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारा वेगळा डबा, लावायचा आणि कपाटातल्या पीओई स्विचमधून एकाच वायरीने त्याला नेट आणि वीज दोन्ही द्यायची. तळमजल्याच्या ॲक्सेस पॉइंटचा पाइप याच स्लॅबमध्ये जाणार, फॅन बॉक्ससारखाच एक डबा सेंटरिंगवर बसवून. तुमची घाई नेमकी यासाठी आहे.

पाइप २५ मिलिमीटरचा घ्या, मीडियम किंवा हेवी दर्जाचा. हलका पाइप व्हायब्रेटर किंवा मजुरांच्या पायाखाली फुटतो. नेटची कॅट-६ वायर साधारण सहा मिलिमीटर जाड असते. २५ च्या पाइपमधून अशा तीन वायरी आरामात ओढता येतात, चौथी जोर लावून. २० च्या पाइपमध्ये दोनवर थांबा. कोपऱ्यावर एल्बो नको, लांब बेंड वापरा, आणि दोन डब्यांच्या मध्ये असे दोनच बेंड ठेवा. तिसरा लागतच असेल तर मध्ये जंक्शन बॉक्स द्या, नाहीतर वायर ओढताना तिथेच अडते. लाईटच्या वायरींच्या पाइपमध्ये नेटची वायर कधीच घालू नका. दोन्ही पाइप शेजारून जात असतील तर फूटभर अंतर ठेवा, आणि एकमेकांना ओलांडायचेच असतील तर काटकोनात.

वरच्या मजल्यासाठी कपाटाच्या बरोबर वरून दोन पाइप स्लॅबच्या आरपार काढा, एक वापरायला आणि एक मोकळा. वर जिथे विटांची भिंत येणार आहे तिथेच ते निघाले पाहिजेत, म्हणून जागा प्लॅनवरून टेपने मोजून खडूने आखून घ्या. बीम-कॉलममधून पाइप न्यायचा नाही. कॉलमजवळ पाइपांचा गठ्ठा होत असेल तर आरसीसी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

फायबरसाठी वेगळा पाइप हवा, आणि तो बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे बऱ्याच कॉलन्यांमध्ये फायबर खांबावरून थेट गच्चीवर येतो, काही ठिकाणी कंपाउंडमधून. आम्ही दोन्हीकडून एकेक पाइप कपाटापर्यंत आणला. गच्चीवरच्या पाइपचं तोंड उलट्या यू आकारात खाली वळवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट कपाटात उतरेल. फायबर आतल्या काचेमुळे नाजूक असतो, त्यामुळे इथे तर लांब बेंडच हवा.

बहिणीकडे पॉइंट बारा निघाले: टीव्हीमागे दोन, अभ्यासाच्या टेबलाशी दोन, तीन बेडरूममध्ये एकेक, छताला दोन आणि कॅमेऱ्यांसाठी तीन. सरासरी १४ मीटर धरली तर १६८ मीटर वायर लागते, म्हणजे ३०५ मीटरच्या एका बॉक्समध्ये काम होऊन पुष्कळ उरते. प्रत्येक पॉइंटची वायर सलग कपाटापर्यंत आली पाहिजे. एका पॉइंटवरून दुसऱ्याला जोड देऊ नका. ॲक्सेस पॉइंटला १३ वॉट आणि कॅमेऱ्याला ७ वॉट धरले तर पाच जागांचे ४७ वॉट होतात. म्हणून पीओई स्विच घेताना त्याची एकूण क्षमता ६० वॉटच्या आसपास आहे ना, ते बघा.

वायर घेताना शुद्ध तांब्याचीच मागा. स्वस्त बॉक्समध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. तार चाकूने खरवडली की आतून पांढरी दिसते. पीओईची वीज नेताना ती जास्त तापते, आणि जॅकमध्ये दाबताना तुटतेही. काम झाल्यावर प्रत्येक पॉइंटला लॅपटॉप लावून लिंकचा वेग बघा. जॅक, स्विच आणि लॅपटॉप गिगाबिटचे असूनही १००० ऐवजी १०० दिसला, तर बहुतेक वेळा आठपैकी एखादी तार जॅकमध्ये नीट बसलेली नसते. प्लास्टर होण्याआधी वायर ओढू नका, झिरी मारणाऱ्याची छिन्नी कुठे लागेल सांगता येत नाही.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतः वर चढा. प्रत्येक पाइपच्या तोंडाला टोपी आणि टेप आहे का, सांध्यांना सोल्यूशन लावलं आहे का, पाइप बाइंडिंग वायरने सळईला बांधला आहे का, ते हाताने चाचपून बघा. टेप पसरून भिंतींपासूनच्या अंतरांचे फोटो काढा. पुढे फॉल्स सीलिंगवाला ड्रिल मारायला येईल तेव्हा तेच फोटो लागतील. सेंटरिंग उतरल्यावर वायरमनचे पैसे चुकते करण्याआधी प्रत्येक पाइपमधून वायर ओढायची स्प्रिंग आरपार काढून घ्या, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा.