भाडं मागताना फोन नको, मेसेज करा

प्रश्न: "कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये नऊ वर्षं एकच कुटुंब राहतंय. माणसं चांगली आहेत, पण भाडं दर महिन्याला पंधरा-वीस दिवस उशिरा येतं. संबंध न बिघडवता ठामपणे कसं सांगू?"

फोन करू नका, लिहा. फोनवर आपण आधी तब्येत विचारतो, मग मुलांची परीक्षा, आणि शेवटी "ते भाड्याचं जरा बघा हं" म्हणून ठेवून देतो. ना रक्कम सांगितली जाते, ना तारीख. जुन्या भाडेकरूला लिहून कळवणं म्हणजे परकेपणा, असं आमच्या घरातले मोठे अजूनही म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. कटुता येते ती तोंडी बोलणं दोघांना वेगवेगळं आठवतं म्हणून.

समजा भाडं 18,000 आहे आणि करारात 5 तारीख आहे. 3 तारखेला लिहा: "नमस्कार काका. ऑगस्टचं भाडं 18,000 रुपये 5 तारखेपर्यंत जमा करावं, ही विनंती." 6 तारखेला: "भाडं अजून जमा झालेलं नाही. कधी जमा कराल, ते आज कळवावं." तारीख त्यांनाच सांगू द्या. त्यांनी 12 म्हटलं, तर 13 तारखेला "आपण 12 तारीख दिली होती" एवढं पुरतं. "दर वेळी", "नेहमीच" हे शब्द टाळा, नाहीतर भाडं बाजूला राहून जुनी उणीदुणी निघतात. आपल्या गृहकर्जाचा हप्ताही सांगू नका. भाडं करारामुळे द्यायचं असतं, आपल्या गरजेमुळे नाही.

खरा घोळ अर्धवट रकमेत होतो. 20 तारखेला 10,000 आले आणि आपण गप्प राहिलो, की पुढच्या महिन्यात आलेले 18,000 ते सप्टेंबरचे धरतात आणि आपण त्यातून आधी ऑगस्टची बाकी वळती करतो. "मी तर भरलं की!" असं ऐकू आलं, म्हणजे हिशेब सरकलाय. म्हणून पैसे आले की त्याच दिवशी लिहा: "10,000 मिळाले, धन्यवाद. ऑगस्टचे 8,000 बाकी." हा धन्यवाद विसरू नका.

पगारच 10 तारखेला होत असेल, तर पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात 12 तारीख घाला. त्यानंतर मात्र सवलत नाही.

हे सगळं लिव्ह अँड लायसन्स करार धरून लिहिलंय. पेठेतल्या वाड्यातला जुना भाडेकरू असेल, तर 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागतो. त्यात थकबाकीसाठी जागा खाली करून घेण्याचा दावा लावण्याआधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि त्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं. ती नोटीस वकिलाकडूनच लिहून घ्या, वरचे मेसेज तिची जागा घेत नाहीत. आणि कितीही राग आला तरी पाणी किंवा वीज तोडू नका. कायद्याने ते करता येत नाही, आणि मग थकलेलं भाडं राहतं बाजूला, उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.