लिलावाची तारीख नव्हे, जाहिरातीची तारीख

"ताई, घरकर्जाचे हप्ते सात-आठ महिने थकले. परवा बँकेचे लोक दारावर नोटीस चिकटवून गेले आणि पेपरातही नावासकट छापून आलं. मेहुणे म्हणतात घाबरू नका, लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत पैसे भरले की घर सुटतं. शेजारचे म्हणतात आता सगळं बँकेच्या हातात, घर कवडीमोलाने विकतील आणि उरलेलं कर्जही तुमच्याच मानगुटीवर बसेल. आम्हाला काही हक्क आहेत का? आणि घर लगेच सोडावं लागेल का?"

आधी ती नोटीस नीट वाचा. पेपरात नाव आलं म्हणजे लिलाव जाहीर झाला असं नाही. बँक सरफेसी कायद्याने, म्हणजे 2002 च्या कायद्याने जाते तेव्हा तीन वेगवेगळे कागद येतात आणि घाबरलेल्या माणसाला ते सारखेच दिसतात. पहिली मागणी नोटीस. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशेबात थकीत, होतं, मग कलम 13(2) खाली "60 दिवसांत सगळी रक्कम भरा" असं पत्र येतं. ते 60 दिवस संपले की ताबा नोटीस येते. ती दारावर लागते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यातलं एक स्थानिक भाषेचं. तिसरी विक्रीची नोटीस. तिच्यात राखीव किंमत, बयाण्याची रक्कम आणि लिलावाची तारीख असते. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे आलेली ही दुसरी वाटते. तसं असेल तर तुमच्या हातात अजून बरंच काही आहे, पण मेहुण्यांच्या हिशेबाने चाललात तर ते निसटेल.

हे सांगताना पिंपरी-चिंचवडच्या बाजूचं एक जोडपं डोळ्यांसमोर येतं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. नवरा सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यात कामाला, बायको घरी शिवणकाम करायची. 2017 साली 24 लाखांचं कर्ज, वीस वर्षांची मुदत, हप्ता बावीस हजारांच्या वर. सात वर्षं नियमित भरलं. मग कारखान्याच्या ऑर्डरी आटल्या आणि पगार अर्ध्यावर आला. मागणी नोटीस आली ती त्यांनी भीतीने कपाटात ठेवून दिली. माझ्यापर्यंत आले तेव्हा दारावर ताबा नोटीस लागून आठवडा उलटला होता.

मागणी नोटिशीला लेखी हरकत घेता येते. रक्कम चुकली असेल, भरलेले पैसे जमा दाखवले नसतील, काही काळ सवलत हवी असेल, तर ते लिहून द्यायचं. कलम 13(3अ) प्रमाणे बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. या जोडप्याची ती वेळ टळली होती. तरी आम्ही खात्याचा पूर्ण उतारा मागितला आणि मागणीतल्या 21 लाख 40 हजारांशी ओळ न् ओळ ताडून पाहिला. रक्कम बरोबर निघाली. नेहमीच निघते असं नाही, म्हणून हे काम टाळू नका.

पुढचा प्रश्न घर सोडण्याचा. पहिल्या ताबा नोटिशीने सहसा फक्त सांकेतिक ताबा घेतला जातो. माणसं घरातच राहतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी, घरचे लोक स्वतःहून निघत नसतील, तर बँकेला कलम 14 खाली जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकारी यांच्याकडे अर्ज करून आदेश मिळवावा लागतो. वसुली एजंटाने येऊन "उद्या कुलूप लावतो" म्हटलं म्हणून कुलूप लागत नाही, आणि सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर त्याने फोन करणंही रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही. त्या बाईंचा फोन रात्री दहालाही वाजायचा. बँकेच्या तक्रार कक्षाला आम्ही वेळेच्या नोंदींसह लेखी कळवलं, मग ते थांबलं.

ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, कलम 17 खाली दाद मागता येते. पुणे परिसरातल्या लोकांना त्यासाठी पुण्यातच जाता येतं. दिवाणी कोर्टात जाऊन उपयोग नाही, कायद्याने ती वाट बंद केली आहे. पण डीआरटी काय बघतं हे आधी समजून घ्या. नोटीस बजावली का, मुदती पाळल्या का, रक्कम बरोबर आहे का, हे ते बघतं. आजारपण, नोकरी जाणं, मुलांचं शिक्षण हे सगळं खरं असलं तरी तेवढ्यावर कारवाई रद्द होत नाही. शिवाय अर्ज दाखल केला की आपोआप स्थगिती मिळते असंही नाही, ती वेगळी मागावी लागते. वकिलांनी या जोडप्याचे कागद पाहून सांगितलं की बँकेने पायऱ्या बरोबर चढल्या आहेत, अर्जात फार दम नाही. मला तो सल्ला प्रामाणिक वाटला. "स्टे आणून देतो" म्हणत आधी मोठी फी मागणारेही भेटतात.

आता मेहुण्यांचं म्हणणं. एके काळी ते बरोबर होतं. विक्री पूर्ण होईपर्यंत सगळी थकबाकी भरून घर सोडवता यायचं. 2016 मध्ये कलम 13(8) बदललं. आता व्याज आणि खर्चासह पूर्ण रक्कम भरून गहाण सोडवण्याचा हक्क विक्रीची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या बाफना मोटर्स प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आणि 2025 मध्ये पुन्हा तेच म्हटलं. म्हणजे जाहिरात आज छापून आली आणि लिलाव महिन्याने असला, तरी तो महिना तुमचा नाही. पैसे जमवायची शर्यत त्या जाहिरातीशी आहे. हे ऐकल्यावर त्या गृहस्थांचा चेहरा उतरला, कारण तेही लिलावाच्या तारखेची वाट बघत होते. गावाकडची जमीन विकून भावाने तोपर्यंत पैसे द्यायचे, असं घरात ठरलं होतं.

जमिनीचा व्यवहार इतक्यात होणार नव्हता. उत्पन्नाकडे पाहिलं तर घर टिकवलं तरी पुढचे हप्ते झेपणारे नव्हते. हे बोलणं फार जड गेलं. बाई बराच वेळ गप्प होत्या, मग त्यांनीच विचारलं की घर आपणच विकलं तर? तोच रस्ता होता. मात्र मागणी नोटीस मिळाल्यावर कलम 13(13) प्रमाणे बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. परस्पर बयाणा घेऊन बसलेले लोक इथेच अडकतात.

म्हणून आम्ही प्राधिकृत अधिकाऱ्याला अर्ज दिला. नोटिशीच्या तळाशी ज्याची सही असते तो हा अधिकारी, शाखेतला ओळखीचा साहेब नव्हे. अर्जात लिहिलं की खरेदीदार आणतो, बँकेची पूर्ण रक्कम थेट बँकेकडे जमा होईल, तोवर विक्रीची नोटीस काढू नये. नोटीस थांबवणं बँकेवर बंधनकारक नाही, ती तिच्या मर्जीची गोष्ट आहे. म्हणून अर्जाला वजन यावं यासाठी बाईंनी दागिने ठेवून दोन लाख कर्जखात्यात भरले. बँकेने दोन महिने दिले, लेखी. तोंडी आश्वासनावर मी कुणालाच थांबू देत नाही.

त्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाने 37 लाख देऊ केले. त्यांना कर्ज काढायचं होतं आणि मूळ कागद तर आपल्या बँकेत. अशा वेळी बँकेकडून दोन पत्रं घ्यायची. एक, अमुक तारखेला कर्ज बंद करायला किती रक्कम लागेल याचं. दुसरं, बँकेकडे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी, जिला लोक एलओडी म्हणतात. त्यावर खरेदीदाराची बँक कर्ज मंजूर करते आणि आपल्या बँकेच्या नावे थेट धनाकर्ष देते. या सगळ्याला महिना सहज जातो.

व्यवहाराच्या दिवशी बँकेचं येणं, आधीचे दोन लाख धरून, 22 लाख 35 हजार झालं होतं. सोसायटीची थकबाकी 38 हजार, दलाली 37 हजार. सगळं वजा जाता जोडप्याच्या वाट्याला 13 लाख 90 हजार उरले. बँकेने लिलावासाठी राखीव किंमत 29 लाख धरली होती, हे नंतर कळलं. त्या किमतीला घर गेलं असतं तर बँकेची रक्कम आणि जाहिरात-मूल्यांकनाचा खर्च जाऊन हातात सहा लाखांच्या आसपास आले असते. लिलावात "आहे तसं, आहे तिथे" घ्यायचं असतं, आत माणसं राहत असतात, म्हणून बोली लावणारा हात राखून बोलतो.

तुमचं प्रकरण लिलावापर्यंत गेलंच तर शेजाऱ्यांचं "कवडीमोल" बरोबर नाही. राखीव किंमत ठरवण्याआधी बँकेला मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून मूल्यांकन करून घ्यावं लागतं. ते लेखी मागा, आणि सोसायटीतल्या अलीकडच्या नोंदणीकृत खरेदीखतांपेक्षा ते फार खाली असेल तर त्या खतांच्या प्रती जोडून हरकत घ्या. विक्रीची 30 दिवसांची नोटीस तुम्हाला स्वतंत्र मिळाली पाहिजे. पहिल्या लिलावाला बोली आली नाही तर पुढच्यासाठी 15 दिवसांची पुरते. राखीव किमतीच्या खाली विकायचं असेल तर नियम 9(2) प्रमाणे तुमचीही संमती लागते. कुणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका, कधी कधी ती संमती तिथेच घेतली जाते. यातलं काही चुकलं असेल तर डीआरटीत तो खरा मुद्दा होतो.

उरलेल्या कर्जाचं मात्र शेजारी अर्धं खरं बोलले. विक्रीतून रक्कम कमी पडली तर बाकी तुमच्याकडून वसूल करता येते. पण जास्त आली तर खर्च आणि येणं वजा करून उरलेले पैसे कलम 13(7) प्रमाणे बँकेने तुम्हाला द्यायचे आहेत. ते आपणहून मिळतील म्हणून बसू नका. लिलाव झाल्याबरोबर विक्रीची किंमत, वळती केलेली रक्कम आणि प्रत्येक खर्चाचा हिशेब लेखी मागा, आणि शिल्लक कोणत्या खात्यात जमा करायची ते त्याच अर्जात लिहा. घरातलं सामान गहाण नसतं, तेव्हा प्रत्यक्ष ताब्याच्या वेळी वस्तूंची यादी करून तिची प्रत सहीसह घ्या.

हे सगळं बँकेच्या कर्जाचं सांगितलं. सहकारी बँकेलाही सरफेसी लागू आहे, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये तसा निकाल दिला. पतसंस्थेचं कर्ज असेल तर वसुली महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने होते आणि मुदती वेगळ्या पडतात. म्हणून येताना कर्जाचा करारनामा, तिन्हींपैकी आलेल्या सगळ्या नोटिसा पाकिटांसकट, आणि पेपरातलं ते कात्रण घेऊन या. ताबा नोटिशीवर जी तारीख आहे तिच्यापासून 45 दिवस मोजून आजच कॅलेंडरवर खूण करा.