आमचं नागपुरात संत्रा बर्फीचं दुकान आहे, पार्सलही पाठवतो. वेबसाइटवर ‘नेहमीचे प्रश्न’ साठाच्या वर गेलेत, कोणी वाचत नाही. कमी कसे करू?

प्रश्न नाही, उत्तरं ताडून बघा. सगळं एका शीटमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात प्रत्येक उत्तराचा विषय दोन-तीन शब्दांत लिहा आणि त्यावर सॉर्ट करा. ‘पार्सल कधी मिळेल?’, ‘पुण्याला किती दिवस?’, ‘रविवारी निघतं का?’ हे तिन्ही एकाखाली एक येतील. तेव्हाच कळेल, की एका ठिकाणी तीन दिवस लिहिलंय आणि दुसरीकडे पाच. पार्सल बांधणाऱ्याला विचारून आधी खरं काय ते ठरवा.

मग तिन्ही उत्तरं नुसती जोडू नका, नव्याने लिहा. ‘ग्राहकांचं समाधान हेच आमचं...’ वगैरे सरळ उडवा. उरतं एवढंच: ‘ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी पार्सल निघतं, रविवार सोडून. पुण्या-मुंबईला तीन दिवस लागतात.’ ‘रविवार’, ‘पुणे’ हे जुन्या प्रश्नांतले शब्द मात्र ठेवा, लोक पानावर तेच शोधतात.

‘बर्फी किती दिवस टिकते?’ आणि ‘प्रवासात नेता येईल का?’ हे सारखे वाटतात, पण एकात फ्रिज आहे, दुसऱ्यात नाही. ते वेगळेच बरे.

एक गोष्ट हमखास राहते. जुन्या प्रश्नाची थेट लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर कुणाला दिली असेल, तर प्रश्न काढल्यावर ती पानाच्या डोक्यावरच उघडते. म्हणून जुना `id`, म्हणजे लिंकमध्ये `#` नंतर येणारं नाव, नव्या प्रश्नाच्या आधी ठेवा:

```html
<span id="ravivar"></span>
<h3 id="parcel">पार्सल कधी मिळेल?</h3>
```