ट्रॅव्हल सिम कमकुवत नेटवर्कच का धरतं?

परदेशात शेजारच्याच्या फोनला फुल रेंज असते, माझं अनेक देशांत चालणारं सिम मात्र दुसऱ्याच रडक्या नेटवर्कला चिकटून बसतं. फोन खराब आहे की सिम?

बहुतेक वेळा दोन्ही ठीक असतात. फोन सगळ्यात जास्त रेंजवालं नेटवर्क शोधतो, हाच मुळात गैरसमज आहे.

नव्या देशात फोन सुरू झाला की तो आधी शेवटी वापरलेलं नेटवर्क शोधतो, मग घरचं, म्हणजे सिम ज्या नेटवर्कचं आहे ते. या सिमचं घर भलत्याच देशात असल्यामुळे ते सापडत नाही. मग सिममध्ये कंपनीने भरलेली पसंतीची यादी वाचली जाते, आणि ती यादी बहुधा दराच्या कराराप्रमाणे लावलेली असते. यादीतलं कोणीच मिळालं नाही, तर चांगला सिग्नल असलेल्यांपैकी कोणतंही एक निवडलं जातं. एलटीई म्हणजे ४जीसाठी 'चांगला' म्हणजे उणे ११० डीबीएम किंवा त्याहून बरा; डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याकडे सरकेल तितकी रेंज चांगली. प्रत्यक्षात उणे ११० ही रडकीच रेंज, पण नियमाला ती चालते.

समजा, तिथे अ, ब आणि क अशी तीन नेटवर्क आहेत. अ सगळ्यात स्वस्त पण तुमच्या खोलीत कमजोर, ब जोरदार, क शी करारच नाही. फोन ब वर गेला तरी सिम कंपनीचा सर्व्हर नोंदणी तीन-चार वेळा मुद्दाम नाकारतो, म्हणजे फोन अ कडे वळतो. याला स्टीअरिंग म्हणतात. विमानतळावर सुरुवातीची दोन-चार मिनिटं 'नो सर्व्हिस' दिसतं, त्यामागे अनेकदा हेच असतं. क ने नकार दिला की त्याचं नाव सिममधल्या निषिद्ध यादीत जातं. ही यादी सिमवर असल्याने फोन बंद-चालू करून ती पुसली जात नाही.

उपाय: मोबाइल नेटवर्क सेटिंगमध्ये ऑटोमॅटिक बंद करा, शोध पूर्ण होऊ द्या आणि ब निवडा. पहिल्यांदा नाकारलं तर मिनिटभराने पुन्हा निवडा. ब शी करार असेल तर बहुतेक कंपन्या हाताने केलेली निवड शेवटी मान्य करतात. निषिद्ध यादीतलं नेटवर्कही असं निवडून नोंदणी झाली, की यादीतून निघतं. रेंज आली पण इंटरनेट नाही, तर डेटा रोमिंग आणि एपीएन, म्हणजे सिम कंपनीने दिलेली इंटरनेटची सेटिंग, तपासा.

ऑटोमॅटिक ठेवलं, तर फोन ठरावीक वेळाने, सिममध्ये दुसरं काही लिहिलं नसेल तर तासाने, पुन्हा पसंतीचं नेटवर्क शोधून अ वर परततो. हा शोध त्याच देशापुरता असतो. म्हणून सीमा ओलांडल्यावरही मागच्या देशाचा सिग्नल पोचत असेल तर फोन तिथेच अडकतो. एकदा फ्लाइट मोड लावून काढा, तरी नाही सुटला तर हाताने निवडा. आणि देश बदलण्याआधी निवड ऑटोमॅटिकवर न्यायला विसरू नका, नाहीतर फोन तिथे नसलेलं ब च शोधत बसेल.