‘चेष्टा’ आणि ‘काळजी’: खताच्या घोषवाक्याबद्दल

ताई, केळीच्या खतासाठी तू केलेली ओळ वाचली: ‘तुमचं पीक, आमची चेष्टा’. मूळ हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. आपल्याकडे चेष्टा म्हणजे थट्टा. रावेरच्या शेतकऱ्याला वाटेल, कंपनी त्याच्या पिकाला हसतेय! हिंदीतून आलेला शब्द ओळखीचा दिसला की तिथेच थांबायचं. ‘शिक्षा’चंही तसंच, तिकडे शिक्षण, इकडे दंड.

मग ‘तुमच्या पिकाची काळजी’ चालेल का? इथे खरी मेख आहे. काळजी घेणं म्हणजे जपणं आणि काळजी वाटणं म्हणजे चिंता. अर्थ क्रियापद ठरवतं, आणि घोषवाक्यात आपण नेमकं तेच गाळतो. म्हणून ‘तुमच्या पिकाची काळजी आम्ही घेतो’ अशी पूर्ण ओळ दे. भिंतीवर रंगवताना पेंटर ‘काळजी’पाशी ओळ तोडेल, तर त्याला ‘काळजी घेतो’ एकाच ओळीत ठेवायला आधीच सांग.

ओळ ठरली की कृषी केंद्रावर आलेल्या दोघातिघांना मोठ्याने वाचून दाखव. ‘कशी वाटली?’ विचारू नकोस, लोक भिडेखातर छानच म्हणतात. ‘हे काय सांगताहेत?’ असं विचार.

आणि धुळ्यासाठी अहिराणी हवी असेल तर ‘तुमचं’चं ‘तुमनं’ करून भागत नाही. ती ओळ अहिराणी बोलणाऱ्यालाच लिहू दे. रावेर-यावलकडे लेवा बोली आहे, तिथे ती अहिराणी परकीच वाटेल.